कन्साइनीचा रकाना आणि मागची सही



समोर बसलेल्यांत शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फौंड्र्यांची माणसं आहेत, बँकेची आहेत, दोन-तीन सीएचएही दिसतायत. त्यामुळे निर्यात म्हणजे काय इथपासून सुरुवात करायचं कारण नाही. कास्टिंग ओतायचं, मशीनिंग करायचं, पेट्या ठोकायच्या, कंटेनर भरायचा आणि न्हावाशेव्याला पाठवायचा, हे आपल्या अंगवळणी पडलंय. त्या कंटेनरच्या बदल्यात जो कागद हातात येतो, त्याकडे मात्र आपण पावती म्हणून बघतो. शिपिंग लाइनने दिली, बँकेत टाकली, झालं. आज मी त्या कागदावरच्या एकाच रकान्याबद्दल आणि त्याच्या पाठीवरच्या एका सहीबद्दल बोलणार आहे. रकाना म्हणजे कन्साइनीचा. सही म्हणजे एंडोर्समेंट, कायद्याच्या मराठीत पृष्ठांकन. पैसे येण्याआधी माल सुटणार की नाही, हे या दोन गोष्टींवर ठरतं.

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे आपल्या बोलण्यातला बीएल, तीन कामं करतो. माल मिळाल्याची ती पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि तिसरं म्हणजे मालावरचा हक्क त्या कागदाबरोबर हातोहात फिरू शकतो. पहिली दोन कामं कुठलाही बीएल करतो. तिसरं काम तो करेल की नाही, हे कन्साइनीच्या रकान्यात काय टाइप केलंय यावर आहे.

तिथे फक्त खरेदीदार कंपनीचं नाव आणि पत्ता असेल, तर तो स्ट्रेट बीएल. माल त्याच नावाला द्यायचा, दुसऱ्या कुणाकडे वळवायचा नाही. तिथे 'टू ऑर्डर', 'टू ऑर्डर ऑफ शिपर' किंवा 'टू ऑर्डर ऑफ' अमुक बँक असं असेल, तर तो ऑर्डर बीएल. ज्याची ऑर्डर, तो सही करून दुसऱ्याकडे हक्क देऊ शकतो. हे आपल्या पेठांना नवीन नाही. जुन्या सावकारीत नामजोग हुंडी असे, ती नाव घातलेल्यालाच चुकवायची. फर्मानजोग हुंडी असे, ती त्या माणसाच्या फर्मानाप्रमाणे चुकवायची. आणि धनीजोग असे, ती जो धनी होऊन समोर येईल त्याला. स्ट्रेट बीएल हा नामजोगचा भाऊ, ऑर्डर बीएल फर्मानजोगचा. ऑर्डर बीएलच्या पाठीवर कुणाचंही नाव न घालता नुसती सही केली की तो धनीजोगच्या रांगेत जाऊन बसतो. आपल्याकडे जोखमी हुंडीही होती. माल गलबतातून सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. म्हणजे कागद, माल आणि पैसा यांची गाठ मारायची कला आपल्याला कुणी शिकवायला नको होती. फॉर्म इंग्रजीत आला आणि आपण तो वाचायचं सोडून दिलं, एवढंच.

आता एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पनेतलं आहे, पण त्यातला एकही टप्पा तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. समजा, शिरोलीची एक फौंड्री शिकागोच्या एका कंपनीला पंपाचे हाउसिंग पाठवते. वीस फुटी कंटेनरमध्ये अठरा टन माल, किंमत 40,000 डॉलर. 12,000 आगाऊ आलेत, उरलेले 28,000 'कॅश अगेन्स्ट डॉक्युमेंट्स'. म्हणजे कागद आपल्या बँकेकडून त्यांच्या बँकेकडे जातील, खरेदीदार पैसे भरेल, मगच बँक त्याला बीएल देईल. फौंड्रीचा मालक निर्धास्त आहे, कारण तिन्ही ओरिजिनल बँकेच्या ताब्यात आहेत. पण फॉर्वर्डरने शिपिंगच्या सूचनेत कन्साइनी म्हणून खरेदीदाराचंच नाव घातलंय. इनव्हॉइसवर तेच नाव होतं, म्हणून इथंही तेच.

जहाज पोचतं. महिनाभराने बँक कळवते की कागद अजून कुणी सोडवलेले नाहीत. कंटेनरचा माग काढला, तर तो रिकामा होऊन लाइनच्या यार्डात परत आलेला दिसतो. बँकेने कागद सांभाळलेच होते. पण ज्या कुलपाची ती किल्ली, ते कुलूप तिथे लागलेलंच नव्हतं.

हे कसं झालं? अमेरिकेत 1916 पासून पोमरीन कायदा आहे. नावाच्या, म्हणजे अहस्तांतरणीय बीएलवर वाहतूकदाराने माल नाव असलेल्या माणसाला दिला, तर मूळ कागद परत घेतलाच पाहिजे असं बंधन तो घालत नाही. हा कायदा अमेरिकेतून निघणाऱ्या आणि अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरणाऱ्या मालाच्या बीएलसाठी आहे. न्हावाशेव्यात निघालेल्या बीएलला तो सरळ लागत नाही. पण बंदरावरच्या कचेऱ्यांची सवय त्याच वळणाची. कन्साइनीत नाव कुणाचं? या कंपनीचं. आलेला माणूस त्याच कंपनीचा? हो. मग सोडा माल.

समुद्रापलीकडे दुसरीकडे न्यायालयांनी वेगळं म्हटलंय. 2002 साली सिंगापूरच्या अपील न्यायालयापुढे व्हॉस विरुद्ध एपीएल हा खटला आला. हॅम्बुर्गहून एक मर्सिडीज मोटार दक्षिण कोरियातल्या बुसानला गेली होती, स्ट्रेट बीएलवर. खरेदीदाराने पूर्ण पैसे दिले नव्हते, ओरिजिनल बीएल विक्रेत्याकडेच होता, तरी वाहतूकदाराने मोटार खरेदीदाराला देऊन टाकली. न्यायालयाने सांगितलं की बीएल स्ट्रेट असला तरी माल देताना तो मागायलाच हवा होता. वाहतूकदार हरला. तीन वर्षांनी, 2005 मध्ये, लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सने 'राफाएला एस' या जहाजाच्या प्रकरणात स्ट्रेट बीएल हाही बिल ऑफ लेडिंगच, असं ठरवलं. तो खटला डर्बनहून बॉस्टनला निघालेल्या छपाई यंत्रांच्या नुकसानीचा होता, माल चुकीच्या हाती गेल्याचा नव्हता. पण कागद दाखवल्याशिवाय माल मिळू नये, याच बाजूला न्यायाधीशांचा कल होता. दोन्ही ठिकाणी एका गोष्टीला वजन मिळालं. त्या छापील फॉर्मवरच लिहिलेलं होतं की एक ओरिजिनल परत केल्यावर माल मिळेल. म्हणून तुमच्या लाइनच्या फॉर्मवर सहीच्या वर जो बारीक मजकूर असतो, तो एकदा भिंग घेऊन वाचा. काही फॉर्मवर साफ लिहिलेलं असतं की बीएल हस्तांतरणीय नसेल तर कागद न घेताही माल देता येईल. त्या फॉर्मवर तुम्ही सिंगापूरचा निकाल घेऊन गेलात, तर लाइनचा वकील हसेल.

आणि भांडायचं ठरवलंच, तर कुठे? बीएलच्या पाठीवर न्यायालयाचं नाव छापलेलं असतं, बऱ्याचदा लंडनचं. दावा करायला मुदत साधारण एक वर्षाची. अठ्ठावीस हजार डॉलरसाठी लंडनला वकील लावायचा, हा हिशेब कोल्हापूरचा कुठलाही फौंड्रीवाला पाच मिनिटांत करतो आणि गप्प बसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पैसे यायचे असतील आणि कागद बँकेतून जायचे असतील, तर खरेदीदाराचं नाव कन्साइनीत घालू नये. जगातली न्यायालयं काय म्हणतात यावर आपली वसुली टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

मग त्या रकान्यात काय घालायचं? 'टू ऑर्डर', किंवा त्याहून साफ, 'टू ऑर्डर ऑफ शिपर'. खरेदीदाराचं नाव खालच्या 'नोटिफाय पार्टी'च्या रकान्यात जातं. नोटिफाय पार्टी म्हणजे जहाज आल्याचं ज्याला कळवायचं तो. त्याला मालावर हक्क नाही. आपला 1930 चा मालविक्री कायदा कलम 25 मध्ये सांगतो की बीएल विक्रेत्याच्या ऑर्डरप्रमाणे असेल, तर मालाची विल्हेवाट लावण्याचा हक्क त्याने राखून ठेवलाय असं सकृद्दर्शनी मानावं. त्या दोन-तीन शब्दांना कायद्याने एवढी किंमत दिलीय.

आता पाठीवरच्या सहीकडे येतो, कारण खरा घोळ तिथे होतो. बीएल उलटा करा. छापील अटींच्या बारीक अक्षरांवरच, जिथे जागा मिळेल तिथे, कंपनीचा शिक्का आणि अधिकृत सही होते. शिक्क्याच्या वर काहीच लिहिलं नाही, तर ती ब्लँक एंडोर्समेंट. 'डिलिव्हर टू द ऑर्डर ऑफ' असं लिहून बँकेचं किंवा खरेदीदाराचं नाव घातलं, तर ती नावाची एंडोर्समेंट. ब्लँक सही झाली की तो कागद ज्याच्या हातात, तो माल मागायला मोकळा. कुरिअरच्या पाकिटातून तो पडला आणि दुसऱ्याने उचलला, तर काउंटरवर तुमचं नाव कुणी विचारत नाही. म्हणून ब्लँक सही करायची ती कागद बँकेच्या हवाली करताना, टेबलावरच. आठवडाभर आधी सह्या करून फाइल कपाटात ठेवायची सवय काही कचेऱ्यांत आहे, ती मोडायला हवी.

दुसरी गोष्ट, सही कुणाची चालते. ऑर्डर ज्याची, त्याची. 'टू ऑर्डर ऑफ शिपर' असेल तर पहिली सही तुमची. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये खरेदीदाराची बँक बऱ्याचदा 'टू ऑर्डर ऑफ इश्यूइंग बँक' मागते. तिथे तुम्ही पाठीवर कितीही शिक्के मारा, त्यांना अर्थ नाही. त्या बँकेने सही केल्याशिवाय माल हलणार नाही. तुम्ही मशीन आयात करता तेव्हा हेच उलट्या बाजूने होतं. बीएलवर तुमच्या बँकेची ऑर्डर असते, आणि लाइनच्या मुंबईच्या कचेरीत तुमचा सीएचए बँकेच्या सहीशिवाय गेला की त्याला परत पाठवतात. सह्यांची साखळी पुढून मागे सलग लागते. शिपरने बँकेला, बँकेने खरेदीदाराला, खरेदीदाराने आणखी कुणाला. मधला एक दुवा राहिला की पुढच्या सगळ्या सह्या लोंबकळतात. इनव्हॉइसवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि शिक्क्यावर जुनं भागीदारीचं नाव, एवढ्याशा फरकावरही कंटेनर अडतो. फर्मची कंपनी झालेल्या आपल्याकडच्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

ही सही एवढी भारी कशी झाली, त्याच्या मुळाशी 'लिकबॅरो विरुद्ध मेसन' हा इंग्लंडमधला खटला आहे. नेदरलँड्समधल्या मिडलबर्गच्या ट्युरिंग पेढीने 'एंडेव्हर' जहाजात धान्य चढवलं, लिव्हरपूलसाठी. खरेदीदार रॉटरडॅमचा फ्रीमन. ट्युरिंगने पाठीवर ब्लँक सही केलेले बीएल फ्रीमनला पाठवले. फ्रीमनने पैसे चुकवायच्या आधीच ते लिकबॅरोकडे दिले आणि त्याचं दिवाळं निघालं. ट्युरिंगने आपल्याकडे राहिलेला बीएल घाईने मेसनला पाठवून माल धरायला सांगितलं. माल कुणाचा? पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचा, की सद्भावनेने कागद घेतलेल्या लिकबॅरोचा? 1787 साली पहिला निकाल लागला, वर अपिलं झाली, आणि 1794 मध्ये जूरीने व्यापाऱ्यांची प्रथा म्हणून नोंदवलं की ऑर्डरचा बीएल सहीने हस्तांतरित होतो. लिकबॅरो जिंकला. म्हणजे एंडोर्समेंट झालेला कागद एकदा प्रामाणिक तिसऱ्या माणसाकडे गेला की विक्रेत्याचा माल वाटेत थांबवण्याचा हक्क संपतो. आपल्या मालविक्री कायद्याच्या कलम 53 मध्ये हेच तत्त्व आहे. पण मालकी सरकली तरी वाहतूकदारावर दावा लावण्याचा हक्क आपोआप सरकत नव्हता. ती पोकळी भरायला 1856 चा बिल ऑफ लेडिंग कायदा आला, तीन कलमांचा. तो जवळजवळ 170 वर्षं चालला, आणि 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला.

आता पलीकडच्या बंदरावर माल सुटतो कसा ते बघू. खरेदीदाराचा माणूस लाइनच्या एजंटकडे एक ओरिजिनल घेऊन जातो. एजंट पुढचा भाग बघतो, मग उलटा करून सह्यांची साखळी तपासतो, भाडं आणि इतर देणी घेतो, कागद ठेवून घेतो आणि डिलिव्हरी ऑर्डर देतो. त्या डीओवर टर्मिनलमधून कंटेनर बाहेर पडतो. ओरिजिनल सहसा तीन निघतात, आणि त्यांतल्या एकावर माल सुटला की बाकीचे दोन रद्द, असं बीएलवरच छापलेलं असतं. म्हणजे तीनपैकी एक जरी भलत्या हातात असला, तरी तुमच्याकडच्या दोघांची रद्दी होऊ शकते.

याचं उदाहरण साखरेचं आहे, म्हणून कोल्हापुरात मुद्दाम सांगतो. जमैकाहून 'मेरी जोन्स' जहाजात साखरेची वीस मोठी पिंपं लंडनला आली. कॉटम पेढीने तीन बीएलपैकी 'फर्स्ट' लिहिलेला ग्लिन मिल्स बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढलं. मग 'सेकंड' डॉक कंपनीला दाखवून मालक म्हणून स्वतःची नोंद करवली आणि साखर बाहेर काढली. पुढे पेढी बुडाली. बँक डॉक कंपनीवर धावून गेली. 1882 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बँकेला रिकाम्या हाताने परत पाठवलं. डॉक कंपनीला तारणाची खबर नव्हती आणि तिने सद्भावनेने एका बीएलवर माल दिला होता, एवढं पुरे झालं. म्हणून आजही बँका पूर्ण संच मागतात. खरेदीदार कधीकधी सांगतो, एक ओरिजिनल मला थेट पाठवा, दोन बँकेत टाका, म्हणजे माझा माल अडणार नाही. ऑर्डर बीएलवर सही करून तुम्ही ते केलंत, तर त्याच्या पैशांसाठी नंतर तुम्हाला फक्त त्याच्या शब्दावर विसंबावं लागेल.

कागद नसतानाही माल सुटल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. आखातात जहाज काही दिवसांत पोचतं आणि बँकेतले कागद त्याच्या मागून जातात. तेव्हा खरेदीदार लाइनला हमीपत्र देतो, बहुधा बँकेची सही असलेलं, आणि माल उचलतो. अशा हमीपत्राने लाइन तुमच्या दाव्यातून सुटत नाही. 1959 चा सझे हाय टाँग बँकेचा खटला नेमका असा होता. इंग्लंडहून सायकलचे भाग सिंगापूरला आले. एजंटने बीएल न घेता, बँकेची हमी घेऊन ते खरेदीदाराला दिले आणि खरेदीदाराने पैसे बुडवले. प्रिव्ही कौन्सिलने वाहतूकदाराला जबाबदार धरलं. माल जहाजातून उतरल्यावर आमची जबाबदारी संपते, हे छापील कलम वाहतूकदाराने पुढे केलं होतं. जाणूनबुजून चुकीच्या माणसाला माल देण्याला ते कलम पांघरूण घालत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. ऑर्डर बीएल हातात असलेल्या विक्रेत्याचा दावा मग उभा राहतो. स्ट्रेट बीएलवाल्याचा दावा मात्र उभा राहील की नाही, हे देशागणिक बदलतं.

आपल्यातले बरेच जण फॉर्वर्डरकडून हाऊस बीएल घेतात. लाइनचा मास्टर बीएल फॉर्वर्डरच्या नावावर निघतो, आणि त्यावर कन्साइनी असतो त्याचा परदेशातला एजंट. तुमच्या हातातला ऑर्डर बीएल कितीही नेटका असो, कंटेनर लाइनकडून तो एजंटच सोडवून घेतो. तो भला असेल तर तुमचा बीएल आल्याशिवाय खरेदीदाराला देत नाही. तो खरेदीदाराच्याच गोतावळ्यातला निघाला, तर कागदावर सही कुणाची, हे बघायला कुणी उरत नाही. खरेदीदाराने सुचवलेल्या फॉर्वर्डरकडून माल पाठवायचा आणि पैसे कागदांवर घ्यायचे, या जोडीला मी नेहमी आडवा आलोय.

म्हणून स्ट्रेट बीएल वाईट असतो असं नाही. पैसे पूर्ण आगाऊ आलेत, खरेदीदार तुमचीच परदेशातली कंपनी आहे किंवा वीस वर्षांचं गिऱ्हाईक उधारीवर आहे, तिथे ऑर्डर बीएल पाठवून त्याला कागदासाठी बंदरावर ताटकळत ठेवण्यात शहाणपण नाही. तिथे बीएल सरेंडर करा. तिन्ही ओरिजिनल मुंबईतच लाइनला परत द्यायचे, आणि लाइन पलीकडच्या कचेरीला निरोप धाडते. याला अजून 'टेलेक्स रिलीज' म्हणतात, टेलेक्स मशीन भंगारात जाऊन जमाना झाला तरी. किंवा सरळ सी-वेबिल घ्या, त्यात ओरिजिनलची भानगडच नाही.

ऑर्डर बीएलला मर्यादाही आहे. खरेदीदाराने माल नाकारला, तर सही करून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायची मोकळीक त्याने मिळते, हे खरं. पण कित्येक देशांत कस्टम्सच्या मॅनिफेस्टमध्ये नाव एकदा चढलं, की माल दुसऱ्याला द्यायला किंवा परत आणायला पहिल्या खरेदीदाराचं ना-हरकत पत्र मागतात. तो ते देत नाही आणि डिमरेज चढत राहतं. कागद तुमच्या हातात असतो, आणि शेवटी किमतीवर तुम्हीच नमता.

फॉर्वर्डर ड्राफ्ट बीएल मेलने पाठवतो, तो जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी, बहुतेक संध्याकाळी सहानंतर. कारकून वजन बघतो, पेट्यांची संख्या बघतो, 'ओके' लिहून परत धाडतो. कन्साइनीचा रकाना त्याच वेळी वाचायचा असतो. जहाज सुटल्यावर तो बदलायचा म्हणजे तिन्ही ओरिजिनल लाइनला परत करायचे, दुरुस्तीची रक्कम भरायची आणि नवा संच काढायचा. यातला एक ओरिजिनल जरी खरेदीदाराकडे पोचला असेल, तर लाइन हात वर करते.